ताईच्या कानातले भाऊजी

स्कूटर विकायची, हे भाऊजींनी परस्पर ठरवून टाकलं. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा शेजारी गाडी बघायला येणार, हेही ठरलं. ज्या बाईची स्कूटर, ती तिथेच खुर्चीत डाव्या हाताला प्लास्टर घालून बसली होती, पण तिला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. धाकटीला हे सगळं फोनवर कळलं आणि तिचं टाळकंच सरकलं.

धाकटीचं आणि तिच्या टाळक्याचं आधी सांगायला हवं. ती बायकांना दुचाकी शिकवायची. मोकळ्या मैदानावर आठचा आकडा काढून घ्यायची, मग गल्लीत, मग मोठ्या रस्त्यावर. शिकणारीच्या आणि स्वतःच्या हेल्मेटला ब्लूटूथचं यंत्र लावलेलं, काडेपेटीएवढं, आत कानांशी दोन चपटे स्पीकर आणि तोंडापुढे माइक. मागून येता येता ती शिकणारीच्या कानात सूचना द्यायची. कितीतरी भित्र्या बायकांना तिने गाडीवर बसवलं होतं, आणि त्यातली सगळ्यात अवघड विद्यार्थिनी म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण.

ताई नर्स होती. रुग्णालयातली नोकरी मुलांपायी सोडली, ती सुटलीच. मुलं मार्गी लागल्यावर, पन्नाशीला आल्यावर, तिने घरोघरी जाऊन आजाऱ्यांची ड्रेसिंग बदलायचं काम धरलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पाठीवरच्या जखमा, पोटातून काढलेल्या नळ्या, असलं काम. पण संस्थेची अट अशी, की स्वतःचं वाहन हवं, कारण रुग्ण शहराच्या चारी टोकांना. म्हणून ताई स्कूटर शिकली. चार वेळा रडली, एकदा कुंपणात घुसली, पण शिकली. स्कूटर गेली की काम गेलं, आणि काम गेलं की ताई पुन्हा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. धाकटीला त्या स्टुलाचा भयंकर राग होता.

शिकवण्या उरकून धाकटी ताईकडे पोचली तेव्हा भाऊजी दिवाणखान्यात पाय पसरून बसले होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. हाताखालची माणसं संपली तरी देखरेख करायची सवय काही संपली नव्हती.

"या," ते म्हणाले. "तुमच्या विद्यार्थिनीचा निकाल बघितलात ना? सरळ रस्ता, उजेड लख्ख, पाऊस नाही, पाणी नाही, तरी पडली. तोल गेला. ह्या वयात जातोच."

"ताईचा तोल माझ्याहून बरा आहे, भाऊजी."

"मग पडली कशी?"

धाकटीने ताईकडे बघितलं. ताई प्लास्टरवरची खपली नखाने खरवडत होती. "पडले झालं," एवढंच म्हणाली. अपघात झाल्यापासून ती एवढंच म्हणत होती. बारीकशी घसरण, मनगटाचं हाड मोडलं, बाकी धडधाकट. पण कसं झालं ते विचारलं की हिची वाचा बसायची. धाकटीला वाटलं, हिला गदागदा हलवावं.

त्याऐवजी ती आतल्या खोलीत गेली आणि ताईचं हेल्मेट घेऊन बसली. एका बाजूला रस्त्याने तासून काढलेला ओरखडा होता. एकदा असं आदळलेलं हेल्मेट बाहेरून कितीही बरं दिसलं तरी पुन्हा वापरायचं नसतं, आतला थर्माकोल दबलेला असतो. हेल्मेट बाद, पण त्यावरचं यंत्र शाबूत होतं. हे यंत्र धाकटीने दिलेलं नव्हतं. ते भाऊजींनी वाढदिवसाला आणलं होतं, चांगलं महागातलं, आणि स्वतः बसवलं होतं. ताई नकाशाच्या आवाजावर रुग्णांची घरं शोधते, तर तिला सोय व्हावी म्हणून. तेव्हा धाकटीनेच त्यांचं तोंडभरून कौतुक केलं होतं. आता ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

नव्या हेल्मेटला लावण्याआधी यंत्र नीट चालतंय ना, हे बघावं म्हणून तिने ताईचा फोन घेतला, यंत्र जोडलं आणि त्याचं अ‍ॅप उघडलं. आवाज किती, माइक किती, एकेक बघत खाली आली आणि थबकली. 'फोन आपोआप उचला' ह्या ओळीपुढचं बटण चालू होतं.

म्हणजे घंटी वाजली की काही क्षणांत फोन आपला आपण लागणार. घ्यायचा की नाही हे ताईच्या हातात नाही. चौकात असो, वळणावर असो, ट्रकच्या शेजारी असो, ज्याला बोलायचंय तो थेट डोक्यात शिरणार.

"ताई," धाकटीने हाक मारली, आवाज शक्य तेवढा खाली ठेवून. "जरा इकडे ये. हे कुणी केलं?"

ताई आली. फोनकडे बघितलं. "ह्यांनी केलंय. म्हणाले, बटण दाबायला हँडलवरचा हात काढायला नको. सुरक्षित."

"सुरक्षित!" धाकटी फिस्कारली. "आणि मग गाडी चालवताना किती वेळा फोन यायचा त्यांचा?"

"येतो."

"येतो म्हणजे?"

ताईने दार लोटून घेतलं. पलंगाच्या कडेवर बसली. "निघाले की येतो. त्यांच्या फोनवर मी कुठे आहे ते दिसतं. ठिपका असतो बघ. तो ठिपका बघत बसतात आणि मला रस्ता सांगतात. त्यांचा नकाशावर विश्वास नाही. म्हणतात, त्या बाईला शहरातलं काय कळतंय."

"आणि नकाशातली बाई?"

"ती गप्प होते. फोन चालू असला की माझ्या फोनवर तिचा आवाज येतच नाही. म्हणजे मग हेच."

धाकटीला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं. आपण ह्या बाईला आरसे शिकवले, खांद्यावरून मागे बघायला शिकवलं, ब्रेक कसा दाबायचा ते शंभरदा घोकून घेतलं. आणि हिच्या डोक्यात दिवसभर भाऊजी बसलेले!

"त्या दिवशी पण होते?" तिने विचारलं.

ताईने लोटलेल्या दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "तू ओरडणार नसशील तर सांगते." धाकटीने ओरडणार नाही असं कबूल केलं. हे कबूल करणं किती टिकणार, ते दोघींनाही ठाऊक होतं.

ताई एका आजोबांकडे निघाली होती. मोठ्या रस्त्याने, डाव्या बाजूने, शांतपणे. भाऊजी कानात होतेच. दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवली नाहीस, इथपासून सुरू होऊन रस्त्यापर्यंत आले होते. मग एकदम ओरडले, "डावीकडे! आता डावीकडे! अगं आली गल्ली, वळ ना!" ताईला डावीकडे गल्ली दिसली नाही. दिसलं ते एका दवाखान्याच्या पार्किंगचं तोंड. नकाशा मुका. कानात मात्र "वळ, वळ, वळ". नवऱ्याचा तो आवाज ऐकला की पंचवीस वर्षं तिचे हातपाय आधी हलतात आणि डोकं मागून येतं. ती वळली. आतून गाडी बाहेर येत होती. तिने वळता वळताच पुढचा ब्रेक करकचून दाबला, चाकाखाली बारीक वाळू होती, आणि स्कूटर आडवी.

"पडले," ताई म्हणाली. "माणसं धावत आली. हेल्मेट ओढायला लागली. मी म्हटलं, हात लावू नका हेल्मेटला. मानेला काही झालं असेल तर ओढाओढीत वाटोळं व्हायचं. आधी बोटं हलतात का, पाय हलतात का, मान दुखते का, बघू द्या मला. डावं मनगट गेलेलं, ते उजव्या हाताने धरलेलं. फोन बंद करायचं बटण हेल्मेटच्या डाव्या अंगाला. उजवा हात सोडला तर मनगट लोंबायचं. म्हणून फोन चालूच."

"आणि भाऊजी?"

"मी त्यांना म्हटलं, अहो, पडले मी." ताईचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "तर म्हणाले, 'तरी मी सांगत होतो, वेळेवर वळ म्हणून.' मग म्हणाले, गाडीला किती लागलंय बघ. मग पुन्हा तेच. तुझं लक्ष नसतं, तुला ऐकायला नको असतं. मी तिथे रस्त्यात उताणी, वर माणसांची तोंडं, पायाची बोटं हलवून बघतेय, आणि कानात हे चालू. कुणाला ऐकू येत नाही, फक्त मला. एका दुकानदारबाईने नंतर पट्टा सोडवून हळूच हेल्मेट काढलं, तेव्हा थांबलं."

धाकटी ओरडली नाही. तिला ओरडताच आलं नाही. ती नुसती ताईच्या प्लास्टरकडे बघत राहिली. मग मात्र ती उठली, हेल्मेट काखोटीला मारलं, आणि ताई "अगं, नको, शेजारी आलेत" म्हणेपर्यंत दिवाणखान्यात जाऊन उभीही राहिली.

शेजारी खरंच आले होते. सुनेसाठी गाडी बघत होते. भाऊजी त्यांना सांगत होते, "फारशी वापरलेली नाही. आमच्या हिचा तोल गेला म्हणून, नाहीतर—"

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "ती पडली तेव्हा फोनवर कोण होतं?"

भाऊजींचा चेहरा पडला, पण क्षणभरच. कचेरीत मुरलेला माणूस. "होतो ना मी. तिला मदतच करत होतो. हात हँडलवर, डोळे रस्त्यावर, कानाने फक्त ऐकायचं. ह्यात धोका कसला? म्हणून तर यंत्र आणलं."

"हात हँडलवर राहिले हो, पण चित्त तुमच्याकडे ना! शेजारी बसलेल्या माणसाला समोर ट्रक दिसतो, तो आपोआप गप्प होतो. तुम्हाला घरात सोफ्यावर बसून काय दिसत होतं?"

"ठिपका दिसत होता," भाऊजी ताठ होऊन म्हणाले. "गल्ली ठिपक्याच्या पुढ्यात होती. मी बरोबर सांगितलं. ती वेळेवर वळली नाही."

धाकटीने एक दीर्घ श्वास घेतला. "ठिपक्यावर फार विश्वास आहे ना तुमचा? माझाही दिसतो तुमच्या फोनवर. मागच्या लग्नाला हॉल सापडेना तेव्हा मीच चालू करून दिला होता, तो तसाच राहिलाय. बघा, मी कुठे आहे?"

भाऊजींनी चष्मा चढवला. फोन काढला. बराच वेळ बघत राहिले.

"सांगा ना."

"पेट्रोल पंपावर," भाऊजी पुटपुटले.

"पेट्रोल पंपावर! शेजारीकाका, मी कुठे उभी आहे?"

"इथेच," शेजारी चटकन म्हणाले आणि लगेच आपण उगाच बोललो असं त्यांना वाटलं.

"ठिपका मागून येतो, भाऊजी. फोनला सवड मिळेल तेव्हा तो आपली जागा कळवतो. उभ्या माणसाचं एक वेळ चालतं. धावत्या गाडीचा ठिपका बघून तुम्ही वळ म्हणालात, तोवर ताईची गल्ली मागे गेलेली होती. तुम्ही तिला नसलेल्या गल्लीत वळवलंत. तिचा स्वतःचा फोन तिच्याजवळ होता, त्याला ती कुठे आहे ते ठाऊक होतं, आणि त्याचं तोंड तुमच्या फोनने बंद केलं होतं. आणि वर गावभर सांगता, तोल गेला!"

शेजारी उठले. "मी येतो," म्हणाले. "गाडीचं नंतर बघू." जाताना त्यांनी दार इतक्या हळू ओढून घेतलं की त्याचा आवाजही आला नाही.

भाऊजी फोनच्या काचेवर बोट फिरवत बसले. मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "मला काय हौस आहे का? ती निघाली की जीव टांगणीला लागतो माझा. कळायला नको, नीट आहे की नाही? मला भीती वाटते."

धाकटीच्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. पण ताई दारात येऊन उभी होती.

"भीती तुम्हाला वाटते," ताई म्हणाली, "आणि ती मी डोक्यावर घालून हिंडायचं?"

भाऊजींनी वर बघितलं. पंचवीस वर्षांत ह्या बाईने त्यांना उलटा प्रश्न विचारलेला नव्हता.

"मी रस्त्यात पडले होते हो," ताई म्हणाली. "लागलं का, हे तुम्ही शेवटपर्यंत विचारलं नाहीत."

भाऊजींनी फोन बाजूला ठेवला. ते नुसते मान खाली घालून बसले. धाकटीला वाटलं होतं, ह्या क्षणी आपल्याला फार बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. ताई मात्र पुढे आली, टेबलावरची स्कूटरची किल्ली उचलली आणि आत घेऊन गेली.

प्लास्टर निघालं, मनगट वळायला लागलं, डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली, तेव्हा ताईचं नवं हेल्मेट आलं. यंत्र धाकटीने लावलं. आपोआप फोन उचलायचं बटण ताईने स्वतः, स्वतःच्या बोटाने बंद केलं. आणखीही बरंच ठरलं. पत्ता गाडी उभी असतानाच घालायचा आणि फोन खिशात. आवाज एवढाच, की हॉर्न ऐकू आला पाहिजे. चाकं फिरत असताना फोन आला तर वाजू द्यायचा. फारच वाटलं तर बाजूला थांबायचं, पाय टेकायचे, मग घ्यायचा. वळण चुकलं तर सरळ पुढे जायचं, नकाशा दुसरा रस्ता काढतो. भाऊजींनाही सांगून झालं, की ती पोचल्यावर कळवेल. ते "बरं" म्हणाले. फोन हातात घट्ट धरून म्हणाले, पण म्हणाले.

पहिल्या दिवशी धाकटी स्वतःच्या गाडीवर मागून निघाली. दोघींची यंत्रं एकमेकांना जोडलेली. नवीन हात, जुना रस्ता, सोबत नको का? ताईने आजोबांचा पत्ता घातला, आरसे बघितले, निघाली.

"छान," धाकटी म्हणाली. "आता गाडी डावीकडे ठेव. हां. समोर रिक्षा थांबतेय, बघितलीस ना? ब्रेकवर बोटं ठेव. दोन्ही ब्रेक हं, ताई. मनगट दुखत नाही ना? दुखलं तर सांग. पुढे खड्डा आहे. अगं तो शाळकरी सायकलवाला बघ. बघितलास? आणि घाबरू नकोस, मी आहे मागे. भाऊजींचा विचारसुद्धा आणू नकोस मनात. काय माणूस आहे बाई! अजून मला राग येतो. तुला सांगते, त्या दिवशी शेजारी नसते ना तर मी—"

सिग्नल लाल झाला. ताई थांबली. दोन्ही पाय जमिनीवर टेकले. मग तिने डावा हात, तोच मोडलेला आणि जुळलेला, वर नेला आणि हेल्मेटचं बटण दाबलं. धाकटीच्या कानात टुक असा आवाज झाला आणि सगळं शांत झालं.

"ताई?" धाकटी म्हणाली. "ताई! अगं, बंद झालं बघ काहीतरी!"

ताईने मागे वळून बघितलं नाही. धाकटीच्या अंगाची लाही लाही झाली. मला? मला बंद केलं? हिला गाडी शिकवली कुणी, हिच्यासाठी भांडलं कोण? सिग्नल हिरवा झाला. ताईने उजव्या आरशात बघितलं, खांद्यावरून मागे बघितलं, हलकेच निघाली. मधे घुसलेल्या मोटारीला जाऊ दिलं. दवाखान्याच्या पार्किंगचं ते तोंड आलं, तिथे जरा वेग कमी केला, आतून कुणी येत नाही हे बघितलं आणि पुढे गेली. खरी गल्ली त्याआधीच, मोटारीला वाट देताना, मागे पडली होती. ताईने मधेच ब्रेक मारला नाही. सरळ गेली, पुढच्या चौकातून वळून परत आली आणि नेमकी आजोबांच्या दारात थांबली.

धाकटी मागून पोचली, हेल्मेट काढलं आणि तोंड उघडलं. ताई ड्रेसिंगची पिशवी खांद्याला लावत होती.

"आज पहिल्यांदा मला माझ्या स्कूटरचा आवाज ऐकू आला," ताई म्हणाली. "घरी जा तू. मला उशीर होतोय."